गाणं ‘अर्धं’ आहे, मग तोच अर्धेपणा कटमध्ये कसा आणायचा

प्रश्न: दादा, मित्राने ओरिजिनल गाणं केलंय, ढोलकीवर केरवा आहे, ९२ बीपीएम. मुखडा असा: ‘अर्धी खिडकी तुझी, अर्धी माझी, पाऊस मधेच थांबला / अर्धा चहा कपात निवला, निरोप थोडा लांबला.’ ठाण्यात तलावपाळी, उपवन आणि घरात शूट केलंय, २५ एफपीएस. मी प्रत्येक बीटवर कट मारलाय तरी मशीनगनसारखं वाटतंय आणि मधूनमधून कट बीटवरून सटकतायत. शब्दात जे जे येतं ते ते दाखवलंय, खिडकी, पाऊस, चहा, हात हलवणं, पण सगळं शाळेच्या प्रोजेक्टसारखं दिसतंय. काय करू?

उत्तर:

गाणं ऐकलं, रफ कट पण दोनदा बघितला. फुटेज चांगलं आहे रे, तलावपाळीच्या कट्ट्यावरचा सकाळचा लाइट तर मस्तच आलाय. प्रॉब्लेम टाइमलाइनवर आहे.

आधी ते सटकणं मिटवू, कारण ते निव्वळ गणित आहे. ९२ बीपीएम म्हणजे एक बीट ०.६५ सेकंदाची, २५ एफपीएसला १६.३ फ्रेम. तुझ्या कटमध्ये बहुतेक शॉट बरोब्बर १६ फ्रेमचे दिसतायत, म्हणजे तू एक शॉट मोजून बाकीचे तेवढेच कापलेत. दर बीटला कट ०.३ फ्रेम आधी येतो, आठ आवर्तनांचा म्हणजे ३२ बीटचा मुखडा संपेपर्यंत जवळजवळ १० फ्रेमचा फरक पडतो, म्हणजे अर्ध्या बीटपेक्षा जास्त. मग तुला ते जाणवलं की तू एक कट हाताने ओढून जागेवर आणतोस आणि पुन्हा तेच सुरू. फ्रेम मोजून कधीच कापू नको, आवाजावर मार्कर टाक आणि मार्करवर काप.

मार्कर टाकायला मित्राकडून तीन फाइल मागव: फायनल मिक्सची वॅव्ह, ४८ किलोहर्ट्झ, त्यानंतर ढोलकीचा वेगळा ट्रॅक, आणि नुसत्या क्लिकचा ट्रॅक. तिन्ही एकाच पॉइंटपासून बाउन्स केलेल्या हव्यात. एमपी३ वर एडिट करू नको, कन्व्हर्ट होताना सुरुवातीला किंचित शांतता चिकटू शकते आणि मग फायनल वॅव्ह टाकली की सगळं थोडंसं सरकतं. क्लिक दुसऱ्या ऑडिओ ट्रॅकवर ठेव, ढोलकी तिसऱ्यावर, दोन्ही म्यूट, नुसते वेव्हफॉर्म बघायला. आता गाणं वाजवत M दाबत मार्कर टाकतात ना लोक, ते ब्लूटूथ हेडफोन लावून करू नको, आवाज तुझ्या कानापर्यंत उशिरा येतो, तीन-पाच फ्रेम सहज, आणि सगळे मार्कर तेवढेच उशिरा पडतात. वायरचा हेडफोन लाव, आणि महत्त्वाचे मार्कर तर झूम करून थापेच्या टोकावरच लाव. क्लिक आणि ढोलकी यांच्यात फरक दिसला तर ढोलकी धर, कारण बघणाऱ्याला ढोलकी ऐकू येते, क्लिक नाही.

आणि एवढ्या सगळ्या बीटवर मार्कर लावायचीही गरज नाही. फक्त समेवर, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर लाव. केरव्याच्या आठ मात्रा, धा गे न ति, न क धि न, तुझ्या गाण्यात एक आवर्तन चार बीटचं, म्हणजे २.६ सेकंद, सुमारे ६५ फ्रेम. पूर्ण गाणं ३ मिनिटं ५० सेकंद, म्हणजे ८८ आवर्तनं, ८८ मार्कर. प्रत्येक मार्करला आवर्तनाचा नंबर दे, पुढे बोलायला सोपं पडतं. तुझं गाणं असं बसतं: पहिली आठ आवर्तनं म्युझिक, नऊ ते सोळा मुखडा, मग मुखडा परत येतो ३७ ला, ६५ ला आणि लगेच ७३ ला, आणि ८१ पासून शेवटचं म्युझिक.

आता मशीनगन. प्रत्येक बीटवर कट म्हणजे ३५२ कट. कट समान अंतराने आला की चौथ्या-पाचव्या कटनंतर डोळ्याला पुढचा कधी येणार ते आधीच कळतं, आणि कळलं की त्या कटला वजन राहत नाही, तो नुसता वाजत राहतो. गंमत म्हणजे मग खरी सम येते तेव्हा तुझ्याकडे तिला द्यायला काही उरत नाही, कारण तेच तू प्रत्येक बीटला दिलंयस. तबलजी काय करतो बघ, मधल्या मात्रा भरतो पण वजन समेवर टाकतो, खालीला, म्हणजे पाचव्या मात्रेला, हात हलका ठेवतो. कटचंही तसंच ठेव. बऱ्याच समा कट न मारता जाऊ दे.

आणि दुसरी गोष्ट, जी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. बीटवर कट पडलाच पाहिजे असं नाही, बीटवर काहीतरी घडलं पाहिजे. पाय जमिनीला टेकणं, मान वळून थांबणं, ग्लास कट्ट्यावर ठेवणं, दार लागणं. ही हालचाल समेवर पडली आणि कट तिच्या आधी एका बीटवर झाला, तर बघणाऱ्याला गाण्यावर बसलेलं जास्त वाटतं, कारण नवा शॉट समजून घ्यायला त्याला अर्धा-पाऊण सेकंद मिळतो आणि सम आली तेव्हा त्याचा डोळा बरोबर त्या हातावर असतो. तू कट आणि हालचाल दोन्ही एकाच फ्रेमवर आणतोस, मग नवीन चित्र कळेपर्यंत हालचाल होऊन गेलेली असते.

करायचं कसं ते ग्लासवर सांगतो. तुझ्या फुटेजमध्ये मुलगी चहाचा ग्लास कट्ट्यावर ठेवते तो शॉट आहे. क्लिप उघड, बाणाच्या कीने एकेक फ्रेम पुढे जा. ग्लास खाली येताना थोडा ब्लर दिसेल, मग एका फ्रेमला एकदम स्थिर. त्या पहिल्या स्थिर फ्रेमवर क्लिपला मार्कर लाव, M. मग स्नॅपिंग चालू करून, रिझॉल्व्हमध्ये N, क्लिपचा मार्कर टाइमलाइनवरच्या समेच्या मार्करला चिकटव. नंतर क्लिपची सुरुवात ओढून एक बीट आधी आण, सातव्या मात्रेवर, म्हणजे १६ फ्रेम आधी. एकदा वाजवून बघ. उशिरा वाटलं तर पूर्ण क्लिप एक फ्रेम मागे सरकव. २५ एफपीएसला एक फ्रेम म्हणजे ४० मिलिसेकंद, त्यामुळे एकाचा फरकही कळतो. जिथे नुसता कटच थापेवर हवाय तिथे मी नवीन शॉटची पहिली फ्रेम थापेच्या एक-दोन फ्रेम आधी ठेवतो. आधी आलेला कट चालून जातो, उशिरा आलेला लगेच खटकतो.

अंतऱ्यात मात्र हे सगळं थोडं बाजूला ठेव. तिथे तुझा मित्र ओळ ताणून गातोय, ढोलकीपेक्षा त्याचा श्वास जास्त ऐकू येतो. तिथे कट श्वासावर टाक, ओळ सुरू व्हायच्या आधी जी बारीक जागा असते तिथे. लिपसिंक तपासायचं असेल तर प, ब, म बघ, या अक्षरांना ओठ मिटतातच. ‘माझी’, ‘पाऊस’, ‘मधेच’ या तीन ठिकाणी ओठ मिटायची फ्रेम आणि आवाज जुळला तर मधलं सगळं आपोआप जुळलेलं असतं. तुझ्या कटमध्ये दुसऱ्या मुखड्यात ‘पाऊस’ला ओठ आधीच उघडलेत, दोनेक फ्रेमचं आहे, सरकव.

आता शब्दांचं. खिडकी म्हटलं की खिडकी, चहा म्हटलं की चहा, यात काय होतं, कान आणि डोळा दोघांना एकच माहिती मिळते आणि डोळ्याला काम उरत नाही. त्यापेक्षा मुखड्याच्या नामांवरून नजर काढ आणि वाच, त्यात परत परत काय येतं? अर्धी, अर्धी, अर्धा. आणि दोन क्रियापदं, थांबला आणि लांबला. चित्र अर्धेपणाचं कर, आणि थांबणं-लांबणं हे कटने कर.

अर्धेपणाचं चित्र म्हणजे एकच फ्रेम: मधोमध एक उभी रेघ, एका बाजूला एक माणूस, दुसऱ्या बाजूला दुसरा. रेघ काहीही असेल, घरच्या खिडकीची मधली चौकट, तलावपाळीवरचा दिव्याचा खांब, उपवनला झाडाचं खोड. स्टेशनच्या पुलावरचा खांब पण भारी दिसेल, पण परवानगी नसताना ट्रायपॉड लावलास की आरपीएफवाले येणारच, तेव्हा ते सोड. जागा बदलली तरी चालेल, पण रेघ फ्रेममध्ये तिथेच हवी, माणसाचं डोकं त्याच उंचीला हवं, लेन्स तीच हवी. हे तीन जुळले तर बघणारा म्हणतो अरे हे मघाशी बघितलं होतं, नाहीतर नुसता आणखी एक शॉट. फोनवर शूट करतोयस तर वन एक्सचीच लेन्स ठेव, एक्सपोजर आणि व्हाइट बॅलन्स लॉक कर, ट्रायपॉडच्या नळीवर मार्करपेनने उंचीची खूण कर आणि आधीच्या शॉटची प्रिंट किंवा स्क्रीनशॉट सोबत ठेव. खरं तर ग्रिड लावलंस की तिसऱ्या भागाच्या रेघा दिसतात, मधली नाही, त्यामुळे स्क्रीनवर मधोमध कागदी टेपची बारीक पट्टी चिकटवणं सगळ्यात सोपं.

दुसरं छोटं चित्र ग्लासचं, ते तुझ्याकडे आहेच. बास, दोनच. खिडकी म्हणून खिडकी, पावसाचे थेंब, हात हलवणं, हे सगळं मुखड्यातून काढ. पावसाचे दोन शॉट म्युझिकमध्ये वापर, वाया जाणार नाहीत.

जागा कुठली? तुझ्या मुखड्यात ‘थांबला’ मधला ‘थां’ चौथ्या आवर्तनाच्या समेवर येतो आणि ‘लांबला’ मधला ‘लां’ आठव्याच्या. म्हणजे पूर्ण गाण्यात ‘थां’ची सम चार वेळा: १२, ४०, ६८, ७६. आणि ‘लां’ची १६, ४४, ७२, ८०. या आठ समा राखीव. रेघेची फ्रेम फक्त ‘थां’ला, ग्लास फक्त ‘लां’ला, दुसरीकडे कुठेही नाही. चित्र परत परत एकाच शब्दाच्या एकाच समेवर आलं की ते गाण्याच्या चालीचाच भाग होऊन बसतं, बघणाऱ्याला न सांगता.

‘थां’ला मी असं करेन. कट सातव्या मात्रेवर, फ्रेममध्ये कोणीतरी चालत येतंय, आणि समेवर त्याचं पाऊल थांबतं. कट नाही, हालचाल थांबते, शब्दही तोच. पहिल्यांदा, १२ व्या समेला, ती रेघेच्या उजवीकडे येऊन थांबते, तो डावीकडे आधीच आहे. ४० व्या समेला तो डावीकडे येऊन थांबतो, उजवी बाजू रिकामी. ६८ ला तो उजवीकडे येऊन थांबतो, तिच्या जागेवर, डावी रिकामी. दरवेळी एकच गोष्ट बदलायची, दोन बदलल्यास की बघणाऱ्याला बदल कळत नाही, नुसतं वेगळं वाटतं. ७६ ला तो समेच्या आधी रेघेपाशी येतो आणि थांबत नाही, फ्रेम ओलांडून निघून जातो. तीनदा थांबायची सवय लावल्यामुळे चौथ्यांदा न थांबणं चांगलंच लागतं, आणि हे फक्त त्या आधीच्या तिघांमुळे शक्य होतं.

‘लां’ला उलटं. इथे ग्लास समेवर टेकतो आणि मग शॉट तोडायचाच नाही. पुढची सम येते तेव्हाही कट नाही, दीड आवर्तन तसाच, टेकल्यापासून साधारण ९८ फ्रेम. तुझे बाकीचे शॉट एक किंवा अर्ध्या आवर्तनाचे असतील तर हा एक शॉट आपोआप लांबलेला वाटेल, निरोप लांबला हे दाखवायला हात हलवायची गरजच नाही. ग्लासमध्येही एकेक बदल: १६ ला अर्धा भरलेला, वाफ येतेय. ४४ ला तेवढाच अर्धा, वाफ नाही, वर साय धरलेली. ७२ ला शेजारी दुसरा ग्लास, तोही अर्धा. ८० ला टपरीवाल्याने धुऊन उपडा घातलेला. वाफ कॅमेऱ्यात यायला मागे गडद काहीतरी आणि लाइट मागून-बाजूने हवा, समोरून लाइट पडला तर उकळता चहाही गारच दिसतो.

दुसऱ्या म्युझिकच्या शेवटी, ५२ व्या आवर्तनात, ढोलकीवाल्याने तिहाई घेतलीय, ती तू पूर्ण वाया घालवलीस रे. तीन-तीन मात्रांचा तुकडा तीनदा, शेवटची थाप अंतऱ्याच्या समेवर. म्हणजे वजनं तिसऱ्या, सहाव्या मात्रेवर आणि मग समेवर. प्रत्येक तुकडा साडेचोवीस फ्रेमचा. तू तिथे चार समान कट टाकलेत, चार बीटचे, आणि ढोलकी तीनच्या हिशोबाने चाललीय, म्हणून तिथे कानाला आणि डोळ्याला भांडण वाटतं. कट पहिल्या, चौथ्या आणि सातव्या मात्रेवर टाक, तीन शॉट: वाइड, मिड, क्लोज, तिन्हीत तीच एक हालचाल, समजा तिचं मान वळवणं, आणि मान वळून थांबणं तिसऱ्या मात्रेवर, सहाव्यावर आणि समेवर. पूर्ण गाण्यात झटपट कट मी इथेच ठेवेन आणि पहिल्या म्युझिकमध्ये थोडे. बाकी सगळीकडे हात आखडता घेतला तरच इथे मजा येते.

एवढं केल्यावर एकूण शॉट ८०-९० च्या घरात येतील, ३५२ नाही. लावून झालं की आवाज बंद करून बघ. आवाज नसताना १२, ४०, ६८ या तीन फ्रेम तुला स्वतःला वेगळ्या उठून दिसल्या पाहिजेत. नाही दिसल्या तर बहुतेक वेळा कारण असं असतं की त्यांच्या आधीचा शॉटही तसाच वाइड आणि स्थिर आहे. त्यांच्या आधी क्लोज किंवा चालता शॉट ठेव. मग गाणं न ऐकलेल्या कोणालातरी आवाजासकट दाखव आणि एवढंच विचार की परत परत काय आलं. ‘खांब’, ‘एक बाजू रिकामी’ असं काही म्हणाला तर बसलं. चहाच म्हणाला आणि रेघेचं काहीच बोलला नाही, तर तुझी रेघ जाड किंवा गडद हवी, मागच्या पार्श्वभूमीत मिसळतेय.

पॅच शूट एका सकाळचं आहे, रेघेचे चार आणि ग्लासचे तीन शॉट, पहिला ग्लास आहेच. तलावपाळीला रविवारी जाऊ नको, आठनंतर कट्टा भरतो आणि रिकामी बाजू रिकामी राहत नाही. चालण्याचे शॉट घेताना स्पीकरवर गाणं वाजव, मुखड्याच्या आधी दोन आवर्तनांची क्लिक जोडून, म्हणजे पाऊल समेवर टाकायला त्याला अंदाज येतो. अगदी फ्रेमवर पडणार नाही, पण तीन-चार टेकमध्ये एक असा मिळतो की टाइमलाइनवर स्पीड न बदलता बसतो. घरात ट्यूबलाइटखाली शूट केलंस तर शटर १/५० ठेव, आपल्याकडे ५० हर्ट्झची लाइन आहे, नाहीतर पट्टे येतात. स्लो मोशनमध्ये तो गाताना हवा असेल तर ५० एफपीएस, शटर १/१००, आणि गाणं दुप्पट स्पीडने वाजवून त्याला त्यावर ओठ हलवायला लाव, मग शॉट निम्म्या स्पीडला आणलास की ओठ मूळ गाण्यावर बसतात. पण हे ७६ च्या निघून जाण्याला करू नको, तिथे खरी चाल हवी.

आणि रील्ससाठी उभा व्हिडिओ काढणार असशील तर आत्ताच ठरव. आडव्या फ्रेमचा मधला भाग कापून उभा केलास तर रेघ उरेल आणि दोन्ही माणसं बाहेर जातील, म्हणजे नेमका मोटिफच जाईल. त्याच जागी, त्याच टेकच्या लागोपाठ फोन उभा धरून प्रत्येक रेघेचा शॉट वेगळा घे, थोडं मागे जाऊन, माणसं खांबाला खेटून. ग्लासला हा त्रास नाही, तो मधोमध आहे, तसाच कापला तरी चालतो.